ठिपके आणि चौकटी: लांब साखळ्या मोजणे आणि घरे सोडून ताबा राखणे

वहीच्या मागच्या पानावर ठिपके मांडून खेळायचा खेळ तुम्ही सगळ्यांनी खेळलेला असेल. इंग्रजीत त्याला ‘डॉट्स अँड बॉक्सेस’ म्हणतात. दोघांनी आळीपाळीने शेजारच्या दोन ठिपक्यांमध्ये एकेक आडवी किंवा उभी रेघ काढायची. ज्याच्या रेघेने चौकट पूर्ण होईल त्याने त्यात आपले अक्षर लिहायचे आणि लगेच आणखी एक रेघ काढायची. सगळ्या रेघा संपल्या की ज्याची घरे जास्त तो जिंकला. फ्रेंच गणितज्ञ एदुआर ल्युका यांनी १८८९ मध्ये ‘पिपोपिपेट’ या नावाने हा खेळ प्रसिद्ध केला. हनोईचा मनोरा हे कोडेही त्यांचेच.

बहुतेक जण हा खेळ एकाच पद्धतीने खेळतात. सुरुवातीला कुठेही रेघा मारायच्या, कोणत्याही चौकटीला तिसरी बाजू द्यायची नाही, आणि समोर घर तयार दिसले की घ्यायचे. या पद्धतीत निकाल नशिबावर लागतो असे वाटते. प्रत्यक्षात तो शेवटच्या सुरक्षित रेघेपर्यंत ठरून गेलेला असतो आणि तो मोजता येतो. कसा मोजायचा आणि त्यासाठी कोणती घरे हातची सोडायची, ते या टिपणात पाहू. सगळी उदाहरणे १६ ठिपके आणि ९ घरे असलेल्या पटावरची आहेत, म्हणजे कागदावर करून पाहणे सोपे जाईल. सोयीसाठी पहिली रेघ काढणाऱ्या खेळाडूला रेवा म्हणू आणि दुसऱ्याला समीर.

समोरची तीन घरे घ्यायची का?

पुढील स्थिती पाहा. १३ रेघा काढून झाल्या आहेत, अजून कोणालाही घर मिळालेले नाही. तेरावी रेघ रेवाची होती, म्हणून आता समीरची पाळी आहे.

```
•---•---•---•
  १   २   ३
•---•---•---•
  ४   ५   ६ |
•---•---•   •
  ७   ८   ९ |
•---•---•---•
```

प्रत्येक घराला दोन बाजू आहेत. त्यामुळे समीरने कुठेही रेघ काढली तरी एखाद्या घराची तिसरी बाजू तयार होणार आणि रेवाला घर मिळणार. ते घर बंद करताना काढलेली रेघ शेजारच्या घराची तिसरी बाजू होते, मग तेही मिळते, आणि असे पुढे सरकत जाते. एकदा तोंड उघडले की ओळीने सगळी पडतात अशा घरांच्या रांगेला साखळी म्हणतात. इथे दोन साखळ्या आहेत: १-२-३ ही तीन घरांची आणि ४-५-६-९-८-७ ही सहा घरांची.

समीर अर्थातच लहान साखळी उघडतो. समजा त्याने घर १ ची डावी रेघ काढली. आता तीन घरे रेवासमोर उघडी आहेत. नेहमीच्या सवयीने ती तिन्ही घेईल. पण तिसरे घर घेतल्यावर तिला आणखी एक रेघ काढावी लागेल आणि ती काढायला सहाच्या साखळीशिवाय जागाच उरलेली नाही. समीर सहा घरे घेतो. रेवा ३, समीर ६.

आता दुसरी वाट पाहू. रेवा १ आणि २ यांमधली रेघ काढून घर १ घेते आणि तिथेच थांबते. घर २ समोर तयार असूनही ती घेत नाही. आपली पुढची रेघ ती घर ३ च्या उजव्या टोकाला काढते.

```
•---•---•---•
| १ | २   ३ |
•---•---•---•
  ४   ५   ६ |
•---•---•   •
  ७   ८   ९ |
•---•---•---•
```

घरे २ आणि ३ यांच्यामध्ये आता एकच रेघ उरली आहे. समीरने ती काढली की एका रेघेत दोन घरे मिळतात. एकाच वेळी दोन घरे पूर्ण करणाऱ्या या रेघेला आपण जोडरेघ म्हणू. पुढच्या हिशेबात ती लागणार आहे. दोन घरे घेतल्यावर समीरला एक रेघ काढावीच लागते आणि ती सहाच्या साखळीत पडते. रेवा सहाही घेते. रेवा ७, समीर २.

समीरने आधी सहाची साखळी उघडली असती तर? रेवा चार घेऊन दोन सोडते, समीर ती दोन घेऊन तीनची साखळी उघडतो, रेवा तिन्ही घेते. पुन्हा ७–२. समीरने जोडरेघ न काढता दुसरीकडे चाल केली, तर ती दोन घरेही रेवाच घेईल. त्याच्यापुढे चांगला पर्यायच नाही, आणि रेवाच्या हाती पटाचा ताबा आहे असे आपण म्हणतो ते याच अर्थाने. ताबा म्हणजे ‘मी कधीच साखळी उघडणार नाही, प्रत्येक वेळी तूच उघडशील’ अशी स्थिती. तो टिकवण्याची किंमत प्रत्येक साखळीमागे दोन घरे. शेवटच्या साखळीत मात्र काही सोडायचे नाही, कारण त्यानंतर कोणालाच काही उघडायचे नसते.

वर्गात हे दाखवले की कोणीतरी हमखास विचारते, “सर, घर समोर दिसतंय आणि घ्यायचं नाही?” अल्गोरिदमच्या तासाला लोभी पद्धत कुठे फसते याची उदाहरणे आपण नाण्यांची आणि पिशवीत वस्तू भरण्याची देतो. मला त्यापेक्षा हे उदाहरण जास्त पटते. इथे लोभाची किंमत लगेच, पुढच्याच चालीत मोजावी लागते.

दोन घरे सोडण्याची ही युक्ती तीन किंवा त्याहून जास्त घरांच्या साखळीतच चालते, म्हणून अशा साखळीला लांब साखळी म्हणू. दोन घरांच्या साखळीत ती रोखता येते. अशी साखळी द्यायची वेळ तुमच्यावर आली तर टोकाची रेघ काढू नका, दोन घरांच्या मधली काढा. मग दोन्ही घरांना तीन-तीन बाजू होतात, पण त्यांच्या उरलेल्या रेघा वेगवेगळ्या असतात. प्रतिस्पर्ध्याला ती एकेक करून घ्यावी लागतात. जोडरेघ तुमच्यासाठी मागे ठेवून तो सुटू शकत नाही. टोकाची रेघ काढलीत तर मात्र तो दुसऱ्या टोकाला रेघ मारून दोन्ही घरे तुमच्याकडेच परत ढकलेल आणि पुढची चाल तुमच्या गळ्यात येईल. खेळ जाणणारेसुद्धा ही चूक घाईत करतात.

ताबा कोणाला मिळणार हे आधी कसे कळते?

वरच्या स्थितीत ताबा रेवाला मिळाला, कारण सुरक्षित रेघा संपल्या तेव्हा पाळी समीरची होती. हे योगायोगाने झाले की ते आधीच ठरवता येते? इथे एक छोटा हिशेब आहे.

पटावर एकूण २४ रेघा आणि ९ घरे आहेत. जोडरेघ एकही आली नाही असे समजा. मग ९ घरे ९ वेगवेगळ्या रेघांनी पूर्ण होतील आणि उरलेल्या १५ रेघांनी काहीच पूर्ण होणार नाही. काहीच पूर्ण न करणारी रेघ काढली की पाळी संपते, म्हणजे अशा रीतीने १५ पाळ्या संपतात. खेळातली अगदी शेवटची रेघ नेहमी घर पूर्ण करते, त्यामुळे आणखी एक पाळी उरते जी खेळासोबतच संपते. एकूण पाळ्या १६. पटावर ठिपकेही १६ आहेत, आणि हा योगायोग नाही. ऑयलरच्या सूत्रानुसार पूर्ण पटावर रेघा = ठिपके + घरे − १, त्यामुळे कोणत्याही आकाराच्या चौकोनी पटासाठी हाच हिशेब लागू पडतो.

आता एक जोडरेघ आली तर? दोन घरे एका रेघेत पूर्ण झाली, म्हणजे घरे पूर्ण करणाऱ्या रेघा ९ ऐवजी ८ आणि काहीच पूर्ण न करणाऱ्या १६. एक पाळी वाढली. म्हणून,

पाळ्या = ठिपके + जोडरेघा

ताबा ज्याच्याकडे असतो तो प्रत्येक लांब साखळीत एक जोडरेघ सोडतो, शेवटच्या साखळीत सोडत नाही, आणि ती शेवटची साखळी घेऊन खेळ स्वतःच संपवतो. म्हणजे लांब साखळ्यांपेक्षा जोडरेघा एकाने कमी, आणि शेवटची पाळी ताबा असलेल्याची. पहिल्या खेळाडूच्या पाळ्या १, ३, ५ अशा विषम क्रमांकाच्या असतात. शेवटची पाळी त्याला हवी असेल तर ठिपके + लांब साखळ्या − १ ही संख्या विषम हवी, म्हणजेच ठिपके + लांब साखळ्या ही बेरीज सम हवी. दुसऱ्याला ती विषम हवी.

लक्षात ठेवायला मी असे सांगतो: ठिपके सम असतील तर पहिल्याला लांब साखळ्याही सम हव्यात, ठिपके विषम असतील तर साखळ्याही विषम. दुसऱ्याला नेहमी याच्या उलट. आपल्या १६ ठिपक्यांच्या पटावर रेवाला दोन साखळ्या हव्यात (किंवा एकही नको), समीरला एक किंवा तीन. वरच्या स्थितीत दोन होत्या, म्हणून समीर अडकला. पाळ्याही मोजून पाहा: १६ ठिपके आणि १ जोडरेघ, एकूण १७, सतरावी पाळी रेवाची.

हा नियम आणि त्यामागचा सिद्धान्त एल्विन बर्लेकॅम्प यांनी बारकाईने मांडला. त्रुटी सुधारणारे कोड शिकताना ‘बर्लेकॅम्प–मॅसी अल्गोरिदम’ हे नाव तुम्ही ऐकाल, तेच हे बर्लेकॅम्प. जॉन कॉनवे आणि रिचर्ड गाय यांच्यासोबत लिहिलेल्या १९८२ च्या ग्रंथात त्यांनी या खेळावर लिहिले आणि २००० मध्ये फक्त याच खेळावर एक वेगळे पुस्तक काढले.

नियम कळल्यावर खेळाचा मध्य वेगळा दिसू लागतो. सुरक्षित रेघा असतात तोवर भांडण घरांचे नसते, साखळ्यांच्या संख्येचे असते. तुम्हाला एक साखळी वाढवायची किंवा कमी करायची असते, प्रतिस्पर्ध्याला ती होऊ द्यायची नसते.

एका रेघेने बदललेला निकाल

आधीच्याच खेळात दोन चाली मागे जाऊ. ११ रेघा झाल्या आहेत आणि पाळी समीरची आहे.

```
•---•---•---•
  १   २   ३
•---•---•---•
  ४   ५   ६
•---•---•   •
  ७   ८   ९
•---•---•---•
```

सुरक्षित रेघा तीनच आहेत: घर ६ ची उजवी, घर ९ ची उजवी, आणि ६ व ९ यांमधली आडवी. समीरने ६ ची उजवी काढली तर रेवा ९ ची उजवी काढेल आणि आपण आधी पाहिलेली स्थिती येईल: दोन साखळ्या, समीरचा पराभव.

पण त्याने ६ आणि ९ यांमधली आडवी रेघ काढली तर? त्या एका रेघेने दोन्ही घरांना दुसरी बाजू मिळते, त्यामुळे उजव्या बाजूच्या दोन्ही रेघा आता असुरक्षित होतात. सुरक्षित रेघ एकही उरत नाही आणि पाळी रेवाची. खालची सहा घरांची रांगही दुभंगली आहे. आता १-२-३, ४-५-६ आणि ७-८-९ अशा तीन घरांच्या तीन साखळ्या झाल्या. १६ + ३ विषम, म्हणून ताबा समीरचा. रेवा एक साखळी उघडते, समीर एक घर घेऊन दोन सोडतो, दुसरीतही तसेच, तिसरी तो पूर्ण घेतो. समीर ५, रेवा ४. त्या बाराव्या रेघेच्या निवडीने ७–२ चा पराभव विजयात बदलला.

इथे समीरला काही गमवावे लागले नाही, कारण हवी ती रेघ सुरक्षित होती. नेहमी असे होत नाही. हवी असलेली साखळ्यांची संख्या सुरक्षित रेघांनी मिळत नसेल तेव्हा बळी द्यायची वेळ येते.

बळी कधी द्यायचा

आता वेगळा खेळ. याही वेळी ११ रेघा झाल्या आहेत, पाळी समीरची.

```
•---•   •---•
  १   २   ३
•---•---•---•
  ४   ५   ६ |
•---•---•   •
  ७   ८   ९
•---•---•---•
```

सुरक्षित रेघा दोनच: घर २ ची वरची आणि घर ९ ची उजवी. मागच्या उदाहरणातली मधली आडवी आता चालत नाही, कारण घर ६ ला आधीच दोन बाजू आहेत. समीरने यांपैकी एक काढली की रेवा दुसरी काढेल. मग वर तीनची साखळी, खाली सहाची, एकूण दोन, आणि उघडायची पाळी समीरची. पुन्हा २–७.

समीर मोजतो: होऊ घातलेल्या साखळ्या दोन, मला एक किंवा तीन हव्यात. खालची रांग तोडायला जावे तर बरीच घरे द्यावी लागतात. वरची मात्र अजून साखळी झालेली नाही. घर २ ला फक्त खालची बाजू आहे, त्याची वरची रेघ काढायची राहिली आहे. तोवर ही रांग दोनच घरांची करून टाकता येईल का?

येते. समीर घर १ ची डावी रेघ काढतो. घर १ ला तीन बाजू झाल्या, म्हणजे त्याने एक घर सरळ देऊन टाकले. रेवा १ आणि २ यांमधली रेघ काढून ते घेते. पण याच रेघेने घर २ ला दुसरी बाजू मिळाली. आता २ ची वरची रेघ सुरक्षित राहिली नाही आणि वर २-३ ही दोनच घरांची आखूड साखळी उरली. घर घेतल्यामुळे रेवाला आणखी एक रेघ काढायची आहे; ती उरलेली एकमेव सुरक्षित रेघ, ९ ची उजवी, काढते.

```
•---•   •---•
| १ | २   ३
•---•---•---•
  ४   ५   ६ |
•---•---•   •
  ७   ८   ९ |
•---•---•---•
```

आता पाळी समीरची आणि सुरक्षित रेघ एकही नाही. तो आखूड साखळी देतो, आणि आपण वर पाहिले तसे, मधली रेघ काढून: २ आणि ३ यांमध्ये. रेवा २ ची वरची आणि ३ ची उजवी रेघ काढून दोन्ही घेते. तिची तीन घरे झाली, समीरचे एकही नाही. पण पुढची रेघ तिलाच काढायची आहे आणि जागा फक्त सहाच्या साखळीत आहे. समीर सहा, रेवा तीन.

या क्षणी समीरने २-३ मध्ये टोकाची रेघ काढली असती तर? समजा २ ची वरची काढली. रेवा ३ ची उजवी काढते, दोन घरे समीरला देते, आणि सहाची साखळी समीरला उघडावी लागते. आधीचा बळी वाया. मधली रेघ की टोकाची, एवढाच फरक, पण त्यावर सहा घरे अवलंबून आहेत.

बळीच्या वेळेबद्दल एक गोष्ट इथे नीट पाहून घ्या. समीरने आणखी एक चाल थांबून, म्हणजे घर २ ची वरची रेघ पडल्यानंतर, घर १ दिले असते तर त्याचा उपयोग शून्य होता. तेव्हा ती लांब साखळी झालेली असते आणि तिचे टोक उघडणे म्हणजे साखळीच उघडणे; रेवा एक घर घेऊन दोन सोडेल. बळी द्यायचा तो साखळी तयार होण्याआधी, तिच्यात निदान एका घराला अजून एकच बाजू असताना. म्हणून मोजणी सुरक्षित रेघा संपत आल्यावर सुरू करून चालत नाही. या छोट्या पटावर सात-आठ रेघा झाल्या की मी मोजायला लागतो. मोठ्या पटावर भिंती कुठून कुठे चालल्या आहेत हे दिसू लागले, की लगेच.

रेवाने बळी नाकारून आधी ९ ची उजवी काढली असती तर समीरने घर १ परत घेऊन पुढे हेच केले असते आणि ७–२ ने जिंकला असता. तिचे बाकीचे पर्याय तुम्ही कागदावर तपासा. खालची ७-८ ही घरे देऊन ती काही मिळवू शकते का, हे विशेष पाहा; मला तिथेही ६–३ च मिळाले.

ताबा सोडून देणे कधी बरे

दोन घरे सोडायची युक्ती नुकती शिकलेला विद्यार्थी ती प्रत्येक वेळी वापरतो आणि कधीकधी त्यामुळेच हरतो. तीनच्या साखळीत ताबा राखताना तुम्हाला एक घर मिळते आणि प्रतिस्पर्ध्याला दोन. चारच्या साखळीत दोघांना सारखी. म्हणजे ताब्याचा खरा नफा पाच किंवा अधिक घरांच्या साखळ्यांत आणि शेवटच्या साखळीत आहे.

समजा मोठ्या पटावर शेवटी तीन घरांच्या चार साखळ्या उरल्या आहेत आणि प्रतिस्पर्ध्याने पहिली उघडली. शेवटपर्यंत ताबा राखलात तर तुम्हाला १ + १ + १ + ३ = ६ आणि त्याला २ + २ + २ = ६. बरोबरी. त्याऐवजी पहिली साखळी सगळीच घ्या. तीन घरे हातात, आणि उरलेल्या तीन साखळ्यांत ताबा त्याचा. तो राखून त्याला १ + १ + ३ = ५ मिळतील आणि तुम्हाला ४. एकूण तुम्ही ७, तो ५. इथे ताबा देऊन टाकणेच शहाणपणाचे.

निर्णयाची कसोटी सोपी आहे. समोरची साखळी बाजूला ठेवून बाकीचा पट पाहा. तो पट प्रतिस्पर्ध्याने उघडायला सुरुवात केली तर तुम्ही किती घरांनी पुढे राहाल? दोनपेक्षा जास्त घरांनी, तर दोन घरे सोडा आणि ताबा राखा. दोनपेक्षा कमी, तर सगळी घरे घ्या. बरोबर दोन असेल तर दोन्ही वाटा सारख्याच. कारण असे: ताबा देऊन टाकलात तर ती आघाडी त्याला मिळते, राखलात तर तुम्हाला, म्हणजे फरक आघाडीच्या दुप्पट, आणि सोडलेली दोन घरे तुमच्याकडून त्याच्याकडे गेल्याने फरक चारचा. आपल्या उदाहरणात बाकीच्या तीन साखळ्यांत आघाडी ५ − ४ = १ होती, म्हणून साखळी पूर्ण घ्यायची. अगदी पहिल्या स्थितीत बाकी सहाची एकच साखळी होती, आघाडी ६, म्हणून रेवाने दोन सोडली ते योग्यच.

मोठ्या पटावर आणखी एक प्रकार भेटतो: घरे गोलाकार जोडलेली, दोन्ही टोके एकमेकांना मिळालेली. हिला बंद साखळी म्हणू. सर्वांत लहान बंद साखळी चार घरांची असते, दोन बाय दोनची, बाहेरून पूर्ण भिंत आणि आतल्या चारही रेघा मोकळ्या. इथे ताबा राखायला दोन नव्हे, चार घरे सोडावी लागतात, दोन-दोनच्या दोन जोड्यांत. चारच्या बंद साखळीत तर एकही घर तुमच्या वाट्याला येत नाही. म्हणून तिथे वरची कसोटी दोनऐवजी चार घरांची होते. मोजताना मात्र बंद साखळ्या लांब साखळ्यांत धरायच्या नाहीत. दोन जोडरेघा सुटल्याने पाळ्या दोनने वाढतात आणि समविषम तेच राहते. शेवटची म्हणून ती पूर्ण घेतली तरी तिची अखेरची रेघ जोडरेघच असते, त्यामुळे हिशेब बिघडत नाही. साखळ्यांची संख्या प्रतिस्पर्ध्याच्या सोयीची होताना दिसली की कसलेले खेळाडू मुद्दाम बंद साखळी तयार करायला जातात, कारण त्याला ताबा मिळाला तरी तो राखणे महाग पडते.

पुढचा डाव २५ ठिपक्यांच्या, म्हणजे १६ घरांच्या पटावर खेळा. ठिपके विषम आहेत, त्यामुळे पहिल्याला लांब साखळ्या विषम हव्यात आणि दुसऱ्याला सम. दहा-बारा रेघा झाल्या की थांबून पटाखाली पेन्सिलीने साखळ्यांचा अंदाज लिहून ठेवा, आणि प्रत्येक चालीनंतर तो बदलला का ते बघा.